कवा वाढायलेत?

मुंजीच्या पत्रिकेवर मुहूर्त मिनिटापर्यंत छापलेला असतो. जेवणाची वेळ छापायची हिंमत मात्र बिदर जिल्ह्यात अजून कुणाला झालेली नाही. खाली ‘भोजनाचा लाभ घ्यावा’ एवढंच मोघम. हा लाभ नेमका कधी होणार, ते गुरुजींवर, फोटोवाल्यावर आणि डोकं भादरताना बटू किती रडतो यावर ठरतं. पाहुणे अक्षता टाकतात, हात झटकतात आणि पहिल्या भेटणाऱ्या माणसाला विचारतात, “कवा वाढायलेत?” कन्नड मुलखातून आलेले पाहुणे हाच प्रश्न कन्नडमध्ये विचारतात. उत्तर दोन्ही भाषांत एकच असतं, “झालंच.”

हे ‘झालंच’ निभावून न्यायचं काम गुरुजींचं नाही, स्वयंपाकाचं आहे. त्यातून आमच्याकडे मुंजी लागतात त्या शाळेला सुट्ट्या लागल्यावर, चैत्र-वैशाखात. तेव्हा भालकीपासून कलबुर्गीपर्यंत पारा चाळिसाच्या वर असतो आणि पत्र्याच्या मांडवात त्याहून वर. अशा उन्हात जेवण गरम ठेवायची काय गरज, असं एखाद्याला वाटेल. पण उन्हाने तापलेलं अन्न आणि गरम अन्न यात फार फरक आहे. पहिलं आंबतं, दुसरं टिकतं.

भालकीला आमच्या पुतण्याची मुंज ठरली, तेव्हा पानं धरली दीडशे. मग पदार्थ ठरवायला बैठक बसली. या बैठकीला यायचा हक्क सगळ्यांना असतो. भांडी घासायची बैठक कधी बसत नाही, त्यामुळे तिथे हक्काचा प्रश्न येत नाही. थोरल्या काकूंनी पुरणपोळीच्या खाली उतरायचंच नाही असं ठरवलं होतं. मुलाची आत्या सोलापूरची. तिच्या मते जिलेबी-मठ्ठ्याशिवाय मुंज लागतच नाही. मुलाचा मामा हैदराबादेत नोकरीला. त्याला समोर उभं राहून गरम डोसे घालून देणारा माणूस हवा होता. मुलाच्या आईचं माहेर आळंदचं, घरात कन्नड. तिकडच्या लोकांना हुग्गी आणि चित्रान्न. आजोबांनी फक्त एक अट घातली. मुलाच्या आजोळचे काही वैष्णव पाहुणे येणार, तेव्हा कांदा-लसूण मांडवाच्या दोरीच्या आत येता कामा नये. ही अट तेवढी एकमताने मंजूर झाली, कारण तिच्यात कुणाचाच पदार्थ गळत नव्हता.

आचारी कोपऱ्यात बसून सुपारी कातरत हे सगळं ऐकत होते. बैठक तापून तापून शांत झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पंगती किती?”

आमच्याकडे मुंजीला अजून पंगतच बसते. हॉलमध्ये एका वेळी पन्नास पानं मांडता येत होती. म्हणजे तीन पंगती, आणि चौथी घरच्यांची. आचाऱ्यांनी बोटांवर हिशेब केला. अक्षता पावणेबाराला पडल्या तर नैवेद्य वगैरे होऊन पहिली पंगत साडेबाराला. एका पंगतीला चाळीस मिनिटं, पत्रावळी उचलून फरशी पुसून नवी पानं मांडायला पंधरा. दुसरी दीडच्या आत-बाहेर, तिसरी अडीचच्या सुमाराला, घरचे सव्वातीनला. पहिल्या पंगतीसाठी साडेअकराला उतरवलेलं वरण शेवटच्या पानावर पडेपर्यंत पावणेचार तास झालेले असतात. “तेव्हा चांगलं काय लागतंय ते मला सांगू नका,” आचारी म्हणाले, “थांबतंय काय, ते सांगा.”

बैठकीला पहिल्यांदाच विषय मिळाला.

पुरणपोळीपासून सुरुवात झाली. माणशी दोन धरल्या तर तीनशे पोळ्या. किलोभर हरभरा डाळीच्या पुरणात मध्यम आकाराच्या पंचवीसेक पोळ्या होतात, म्हणजे बारा किलो डाळ आणि जवळपास तेवढाच गूळ. इथपर्यंत काकूंची मान डोलत होती. मग तव्याचा हिशेब आला. एक पोळी लाटून, भाजून उतरायला दोन मिनिटं धरली तरी एका तव्यावर तासाला तीस. तीनशे पोळ्यांना एका तव्याचे दहा तास. चार तवे लावले तर अडीच तास, पण मग चार लाटणाऱ्या, चार भाजणाऱ्या आणि वैशाखातली भट्टी. शिवाय गरम पोळ्या एकावर एक रचल्या की आपल्याच वाफेने ओल्या होतात, खालच्या चिकटतात आणि वाढताना फाटतात. पसरून ठेवल्या तर गार होतात.

“पुरणपोळी गारच चांगली लागते,” काकू म्हणाल्या. ते खरंच आहे, आणि बैठकीतल्या प्रत्येकाने शिळी पोळी दुधाबरोबर खाल्लेली होती. पण आदल्या रात्री करून ठेवायची म्हटलं, तर त्या उकाड्यात पुरण किंचितही ओलसर राहिलं की सकाळपर्यंत त्याला तार सुटते. हा धोका दीडशे पानांवर घ्यायला खुद्द काकूही तयार होईनात. शेवटी तोडगा निघाला. नैवेद्य आणि मातृभोजनासाठी पुरणपोळी करायची. मातृभोजनाला मुलगा आईच्या ताटात जेवतो आणि पंक्तीला आठ बटू असतात. वीस-पंचवीस पोळ्यांत काम भागतं, त्या काकूंनी स्वतः करायच्या. काकूंचा मान राहिला आणि एका तव्यावर राहिला.

मग गोड काय? इथे आळंदकर जिंकले, आणि ते योग्यच झालं. गव्हाची हुग्गी हा पदार्थ मोठ्या भगुण्यासाठीच जन्माला आला आहे. चार माणसांची हुग्गी करणं जास्त कटकटीचं. दीडशे पानांना चार किलो सडलेले गहू आणि पाच किलो गूळ लागतो. शिजून साधारण अठरा-वीस किलो होते, म्हणजे प्रत्येक पानावर भरपूर ओगराळं. घट्ट असल्यामुळे तिच्यातली ऊब लवकर निघत नाही. पातळ सार उकळतं उतरवलं तरी त्या मानाने लवकर कोमट होऊ लागतं, कारण ते भांड्यातल्या भांड्यात फिरत राहतं आणि खालची ऊब वर आणून सोडत राहतं. हुग्गी जागची हलत नाही. भगुणं जितकं मोठं तितकी ती अधिक वेळ गरम राहते, कारण आत माल पुष्कळ आणि ऊब बाहेर पडायला तोंड त्या मानाने लहान.

पण तिचे नियम आहेत आणि ते मोडले तर ती सूड उगवते. पहिला नियम गुळाचा. गहू पूर्ण मऊ होईपर्यंत गूळ घालायचा नाही. एकदा गूळ पडला की दाणा जिथे असेल तिथेच थांबतो, मग दोन तास शिजवला तरी दाताखाली खडा लागल्यासारखा लागतो. दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबायचा. आतला पांढरा ठिपका गेला आणि दाणा सपाट झाला, तरच गूळ. दुसरा नियम भिजवण्याचा. गहू रात्री उशिरा भिजवायचे आणि पहाटे पाणी बदलायचं. संध्याकाळीच भिजत टाकले तर वैशाखात सकाळी त्यावर फेस दिसतो. तिसरा नियम दुधाचा. उकळत्या गुळाच्या हुग्गीत दूध ओतलं की ते फाटतं. दूध आणि तूप पानावर, वरून.

चौथा नियम आचाऱ्यांनी सांगितला तो पुस्तकात मिळत नाही. हुग्गी तळाला लागली आणि वास आला, तर ढवळायचं नाही. ढवळणारा माणूस घाबरून तळ खरवडतो आणि भगुण्याच्या तळातला करपटपणा वरपर्यंत पोचवतो. अशा वेळी हात थांबवायचा, जाळ काढायचा आणि वरची हुग्गी हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायची. तळ तसाच राहू द्यायचा. “तळ भांडीवालीचा,” ते म्हणाले, “पाहुण्यांचा नाही.”

जाळाचं म्हणाल, तर आमच्या भागात तुराट्या हव्या तेवढ्या मिळतात. तुरीचं पीक निघालं की त्यांचे भारे घरोघर रचलेले असतात, आणि मांडवात कुणीतरी हौशी माणूस सरपण म्हणून तेच आणून टाकतो. तुराटी भडकन पेटते, पाणी पटकन उकळवते आणि तितक्याच पटकन विझते. भाताचं आधण ठेवायला ती उत्तम, पण हुग्गीखाली घातली की तळ लागलाच. हुग्गीला बाभळीचे निखारे किंवा गॅसची मंद भट्टी. आमच्या भट्टीवाल्याला मी विचारलं की एवढी मंद आच बसेल का. तो म्हणाला, “होता साब, फिकर नक्को.” बिदरमध्ये सगळी कार्यं या एका वाक्यावर पार पडतात.

वरणाच्या बाबतीत आम्ही जरा ताठ असतो. कलबुर्गीच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे डाळ शिजली नाही तर दोष डाळीला देता येत नाही. दोष बहुधा पाण्याचा असतो. बोअरचं पाणी जड असेल तर डाळ तासभर उकळूनही पिवळ्या खड्यांसारखी राहते. म्हणून डाळीपुरतं तरी नळाचं किंवा टाकीचं गोडं पाणी बाजूला काढून ठेवायचं. दुसरा दोष घाईचा. चिंच आधी पडली की डाळ शिजायचं नाव घेत नाही. आधी डाळ मऊ, मग चिंच-गूळ. साधं वरण आणि आमटी मिळून दीडशे पानांना पाच किलो डाळ पुरते. त्यातली तीन किलो वरणाला, दोन किलो आमटीला. वरण घट्टच उतरवायचं, कारण घट्ट वरण ऊब धरतं. ते दाटत गेलं की त्यात उकळतं पाणी घालून सारखं करता येतं, त्यासाठी शेजारी पाण्याचं पातेलं कायम उकळत ठेवायचं. थंड पाणी ओतणारा उत्साही भाचा प्रत्येक घरात असतो. त्याला पंगतीत मीठ वाढायला लावावं.

भाताचा विषय निघाला तेव्हा बैठकीत कुणालाच वाद घालावासा वाटला नाही. भात म्हणजे भात, त्यात काय ठरवायचं? आणि चुकतो तो नेमका भातच. हुग्गीचं जे गुणाचं, तेच भाताच्या दोषाचं. मोठ्या खोल हंड्यात दहा किलो तांदूळ शिजवला की वरच्या भाताच्या ओझ्याने खालचा दबतो आणि आतली ऊब दाण्याला उतरवल्यावरही शिजवत राहते. तासाभराने वर भात, मध्ये खिचडी आणि तळाला लापशी असे तीन पदार्थ तयार होतात. म्हणून भात पसरट भांड्यात करायचा आणि दाण्यात बारीक कणी असतानाच उतरवायचा, उरलेलं काम त्याची ऊबच करते. घरचं प्रमाणही इथे चालत नाही. घरी वाटीला दोन वाट्या पाणी लागतं, कारण छोट्या पातेल्यातलं बरंच पाणी वाफेने उडून जातं. मोठ्या भांड्यात तेवढं उडत नाही, दीडपट ते पावणेदोनपट पुरतं. हिंग, तिखट आणि मीठही घरच्या मापाच्या पटीत घालायचं नाही. अंदाजाच्या तीन चतुर्थांश घालायचं, चाखायचं आणि मग हात पुढे करायचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भात एकदम करायचाच नाही. साधा भात सात किलो, मसालेभात सहा किलो. त्यातला मसालेभात थांबतो, कारण तूप-तेलाने दाणा मोकळा राहतो आणि झाकणावर चार निखारे ठेवले की तो आपोआप मुरत बसतो. साधा भात थांबत नाही. म्हणून पहिली पंगत बसली की दुसरीचा भात टाकायचा, दुसरी बसली की तिसरीचा. पन्नास पानांचा भात अर्ध्या-पाऊण तासात होतो, पंगतही तेवढीच चालते. यात चवीपेक्षा मोठं कारण आहे. तांदळावर काही जिवाणू असे असतात की ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते वाढायला लागतात आणि मग त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दुपारी जेवलेला पाहुणा संध्याकाळी डॉक्टरकडे निघतो तो कधी कधी यामुळेच.

त्यासाठी आचाऱ्यांचा थर्मामीटर म्हणजे डाव. डाव पातेल्यात पाच मिनिटं राहिल्यावर त्याची दांडी हातात धरवत नाही, तोवर अन्न गरम. शास्त्राच्या भाषेत साठ अंशांच्या वर. दांडी आरामात धरता येऊ लागली की ते अन्न कोमट, आणि मग ते लगेच पुन्हा उकळी आणूनच वाढायचं, आणि भात असेल तर वाढायचाच नाही. वरण आणि हुग्गी थेट जाळावर न ठेवता मोठ्या परातीत कढत पाणी घालून त्यात भगुणी ठेवायची आणि परातीखाली बारीक आच. भगुण्याच्या अंगाला गोणपाट गुंडाळलं आणि तोंडावर झाकण, त्यावर जाड कापड ठेवलं की चार तास काढता येतात. मात्र प्रत्येक वाढप्याने बादली भरायला झाकण काढायचं आणि नीट बंद करायचं असतं. तीन पंगतींत हे झाकण किती वेळा उघडं राहतं यावर शेवटच्या पानाची गरमी ठरते. तिथे एक माणूस बसवला आणि बादल्या त्यानेच भरून द्यायच्या असं ठरवलं की अर्धा प्रश्न सुटतो.

तळणाने मात्र बैठक पुन्हा पेटली. आत्याला पुऱ्या हव्या होत्या, मामाला भजी, आजोबांना कुरडया. आचाऱ्यांनी सांगितलं, भजी झाकून ठेवली तर वाफेने मऊ पडतात, उघडी ठेवली तर गार होतात. माणशी पाच पुऱ्या म्हणजे साडेसातशे, आणि पुरी कढईतून पानापर्यंत फुगलेली राहते ती फक्त पहिल्या ओळीला. कुरडया-पापड मात्र सकाळीच तळून कोरड्या डब्यात घट्ट बंद केले की संध्याकाळपर्यंत कुरकुरीत, आणि त्यांना गरम असण्याची सक्ती कुणी केलेली नाही. आजोबा जिंकले. आत्याच्या समाधानासाठी पुऱ्या पंगतीगणिक तळायच्या ठरल्या, त्याला वेगळी कढई आणि वेगळा माणूस. भजी बाद. डोशांचा तर विषयच निघाला नाही, कारण एका तव्यासमोर दीडशे माणसं उभी असल्याची कल्पना करूनच मामाला स्वतःलाच घाम फुटला. भाजी सुक्या बटाट्याची, बारा किलो. ती घरातली सगळ्यात निमूट भाजी, चार तास थांबूनही कुरकुरत नाही. भरली वांगी सुचवणाऱ्याला कुणीतरी दोनशे-तीनशे वांगी भरायला बसायचं आमंत्रण दिलं, त्याने ती सूचना मागे घेतली.

जे गरम ठेवायचं नाही, त्याची काळजी उलटी. कोसंबरीला मीठ आणि लिंबू आधी लावलं की ती तासाभरात पाण्यात पोहायला लागते. मीठ पंगत बसल्यावरच. ओल्या खोबऱ्याची चटणी वैशाखात दुपारपर्यंत आंबते, तिच्याऐवजी शेंगांची कोरडी चटणी. मठ्ठ्याचं दही सकाळी आंबट नसेल असंच घ्यायचं आणि भांडं बर्फाच्या परातीत ठेवायचं. नाहीतर तिसऱ्या पंगतीला मठ्ठा वाढला की पाहुण्यांचे चेहरे बघवत नाहीत.

मुंजीच्या दिवशी हिशेबाप्रमाणे काहीच झालं नाही. बटू अपेक्षेपेक्षा कमी रडला, पण फोटोवाल्याने भिक्षावळ दोनदा घ्यायला लावली. पहिली पंगत साडेबाराऐवजी एकला बसली. हुग्गी, वरण, बटाटा आणि मसालेभात या चौघांनी ‘कवा वाढायलेत’ असं एकदाही विचारलं नाही. मुलाचे आई-वडील चारला जेवायला बसले, तेव्हा त्यांच्या पानावर वाफाळतं वरण पडलं. मामाने त्या वाफेचाही फोटो काढला.

तेव्हा ज्यांच्या घरी दीडशे पानांची मुंज ठरली असेल त्यांनी बैठक जरूर बसवावी, सगळ्यांचे पदार्थ ऐकावेत, आणि मग पाहुण्यांची चव न बघता स्वतःची शेवटची पंगत किती वाजता बसेल ते बघून यादी करावी. एक घट्ट गोड, एक घट्ट डाळ, एक सुकी भाजी, एक मुरणारा भात. साधा भात पंगतीगणिक, ताजं तळण एकच. आणि भगुण्याच्या झाकणापाशी असा माणूस बसवावा, ज्याला घाई करता येत नाही आणि बहुतेक कुणाशी बोलायला आवडत नाही. असा माणूस प्रत्येक घरात असतो, फक्त त्याला कामाला लावत नाहीत.